दहाव्या परिच्छेदात मालवणी का हरवली?

समजा, कुणी आपल्या आजोबांच्या आठवणींची हस्तलिखित वही टाइप करून घेतली आहे आणि तिचं शुद्धलेखन सुधारण्यासाठी एका भाषा-मॉडेलची मदत घ्यायची ठरवली आहे. पहिल्याच संदेशात त्यांनी नियम सांगितले: निवेदनातल्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका दुरुस्त करा, सालं जशीच्या तशी ठेवा आणि संवाद मालवणीत आहेत, त्यांना हात लावू नका. पुढे ते एकेक परिच्छेद देत जातात आणि मॉडेल तो सुधारून परत देतं. पहिल्या दोन परिच्छेदांत माणसं बोलतात. त्यांची मालवणी शाबूत राहते. मग सात परिच्छेद नुसतं वर्णन आहे. दहाव्यात पुन्हा संवाद येतात आणि ‘खंय’चं ‘कुठे’ झालेलं असतं, ‘झील’चा ‘मुलगा’ झालेला असतो. एवढं स्पष्ट सांगूनही मॉडेल विसरलं, असंच कुणीही म्हणेल.

पण विसरण्यासाठी आधी लक्षात ठेवावं लागतं आणि संभाषण लक्षात ठेवण्याची सोय मॉडेलच्या आत नसते. त्याचं शिक्षण आधीच पूर्ण झालेलं असतं. त्यातून तयार झालेले अब्जावधी आकडे आपल्याशी बोलताना तसूभरही बदलत नाहीत. आपण तिसरा संदेश पाठवतो, तेव्हा समोरचं सॉफ्टवेअर पहिला संदेश, त्याचं उत्तर, दुसरा संदेश, त्याचं उत्तर आणि हा तिसरा संदेश असं सगळं एकाखाली एक जोडून मॉडेलपुढे ठेवतं. मॉडेल ते नव्याने वाचतं, उत्तर लिहितं आणि मोकळं होतं. प्रत्येक तारखेला नवा न्यायाधीश यावा आणि त्याच्या हाती फक्त प्रकरणाची फाइल असावी, तसा हा कारभार आहे. फाइलीत जे नाही, ते त्या न्यायाधीशासाठी घडलेलंच नाही.

या फाइलीच्या जाडीला मर्यादा असते. तिला कॉन्टेक्स्ट विंडो म्हणतात आणि ती टोकनमध्ये मोजतात. टोकन म्हणजे मॉडेल वाचताना मजकुराचे जे तुकडे पाडतं, त्यातला एक तुकडा. तो कधी अख्खा शब्द असतो, कधी शब्दाचा भाग, कधी एका अक्षराचाही अंश. मार्च 2023मध्ये आलेल्या जीपीटी-4च्या मूळ आवृत्तीची विंडो 8,192 टोकनांची होती. एप्रिल 2024मधल्या लामा 3चीही तेवढीच. आपल्या वहीचा हिशेब याच आकड्यावर करून पाहू.

नियमांचा पहिला संदेश 400 टोकनांचा धरू. प्रत्येक परिच्छेद 500 टोकनांचा आणि त्याचं सुधारलेलं रूपही 500चं. उत्तरही याच विंडोत बसावं लागतं, म्हणून एका फेरीला 1,000 टोकन लागतात. सातव्या फेरीअखेर बेरीज 7,400 होते. काही बिघडत नाही. आठव्या फेरीत ती 8,400 होते आणि मर्यादा ओलांडते. अशा वेळी काही सॉफ्टवेअर संभाषण थांबवून नवं सुरू करायला सांगतात. अनेक मात्र गुपचूप सर्वांत जुना संदेश काढून टाकतात. इथे सर्वांत जुना संदेश म्हणजे नेमके आपले नियम. ते गेले की बेरीज 8,000वर येते आणि काम पुढे चालू राहतं.

नियम आठव्या फेरीत गेले, तर चूक दहाव्यात का दिसली? पहिल्या दोन परिच्छेदांतले मालवणी संवाद आणि त्यांना न दुखावता केलेली दुरुस्ती आठव्या फेरीत अजून फाइलीत होती. भाषा-मॉडेल समोरच्या मजकुराचं वळण उचलून पुढे जातं. नियम नसला, तरी आधीचे नमुने पाहून ते तसंच वागलं असतं. नवव्या फेरीत जागा करण्यासाठी पहिला परिच्छेद उत्तरासकट गेला आणि दहाव्यात दुसरा. आता फाइलीत उरलं फक्त प्रमाण मराठीतलं वर्णन आणि त्याची दुरुस्ती. तशात ‘खंय’ समोर आलं, तेव्हा ते अशुद्ध वाटणं ओघानेच आलं. आणि अकराव्या फेरीत संवाद कसे हाताळायचे, याचा एकमेव नमुना म्हणून हाच चुकीचा दहावा परिच्छेद समोर असणार. लांब संभाषणात चूक एकदा शिरली की ती ठरून केल्यासारखी होत राहते, त्याचं कारण हे आहे. चूक दिसली त्या फेरीत कारण शोधून उपयोग नसतो. ते दोन-तीन फेऱ्या आधीच घडून गेलेलं असतं.

या हिशेबात मराठीचा तोटा वेगळा मोजावा लागतो. ‘महाराष्ट्र’ हा शब्द संगणकात दहा चिन्हांचा आहे आणि रूढ यूटीएफ-8 पद्धतीत त्यातलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, म्हणजे एकूण 30. हेच नाव रोमन लिपीत 11 बाइटांत मावतं. टोकनांचे तुकडे ज्या मजकुरावरून ठरवले गेले, त्यात इंग्रजी अफाट होतं आणि मराठी थोडं, म्हणून इंग्रजीला अख्खे शब्द मिळाले आणि आपल्या वाट्याला अक्षरांचे तुकडे आले. मे 2024मध्ये जीपीटी-4o जाहीर करताना ओपनएआयने नमुन्याचा एकच छोटा मजकूर वेगवेगळ्या भाषांत देऊन आकडे दाखवले. मराठीत त्याला जुन्या पद्धतीने 96 टोकन लागत, नव्या पद्धतीने 33. इंग्रजीत जुने 27, नवे 24. म्हणजे जुन्या पद्धतीत त्या मजकुरापुरती मराठी माणसाची विंडो इंग्रजीत बोलणाऱ्याच्या साधारण एक-चतुर्थांश होती. वरच्या वहीचे नियम इंग्रजी संभाषणात आठव्या फेरीला गळाले नसते, खूप पुढे गळाले असते. आता अंतर बरंच मिटलं आहे, पण प्रत्येक मॉडेलची तुकडे पाडण्याची पद्धत वेगळी असते आणि सगळ्यांनी ही सुधारणा सारखी केलेली नाही.

मर्यादा ठेवायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. आजची मॉडेलं 2017मध्ये गूगलच्या संशोधकांनी मांडलेल्या ट्रान्सफॉर्मर रचनेवर उभी आहेत. तिचा गाभा असा, की प्रत्येक टोकन आपल्या आधीच्या प्रत्येक टोकनाकडे पाहतं आणि कुणाला किती महत्त्व द्यायचं ते ठरवतं. 8,192 टोकनांत अशा जोड्या सुमारे 3 कोटी 36 लाख होतात. मजकूर दुप्पट केला की जोड्या चौपट होतात आणि हे मोजणं मॉडेलच्या प्रत्येक थरात पुन्हापुन्हा होतं. शिवाय वाचलेल्या प्रत्येक टोकनाची टिपणं उत्तर लिहून होईपर्यंत ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत धरून ठेवावी लागतात. लामा 3.1च्या सर्वांत छोट्या, आठ अब्ज आकड्यांच्या आवृत्तीत नेहमीच्या 16 बिटांच्या मांडणीत एका टोकनामागे 128 किलोबाइट जातात. तिची विंडो 1,28,000 टोकनांची आहे. ती पूर्ण भरली, तर केवळ टिपणांना सुमारे 16 गिगाबाइट लागतात. खुद्द मॉडेललाही जवळपास तेवढीच जागा लागते. म्हणून कागदावर मोठी विंडो असलेलं मॉडेलही प्रत्यक्षात छोट्या विंडोवर चालवलं जातं. घरच्या संगणकावर ओलामा हे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांना हे अनुभवास येतं: `num_ctx` ही किंमत स्वतः वाढवली नाही, तर अनेकदा काही हजार टोकनांपलीकडचा मजकूर मॉडेलपर्यंत पोचतच नाही.

तरीही विंडो वाढत गेल्या. फेब्रुवारी 2024मध्ये गूगलने जेमिनी 1.5 दहा लाख टोकनांच्या विंडोसह दाखवलं. एवढ्या जागेत आजोबांची वही सहज मावेल. पण फाइलीत पान आहे म्हणजे ते नीट वाचलं गेलं, असं होत नाही. स्टॅनफर्डच्या नेल्सन लिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2023मध्ये याची साधी परीक्षा घेतली. मॉडेलला एक प्रश्न आणि सोबत दहा, वीस किंवा तीस उतारे द्यायचे. उत्तर एकाच उताऱ्यात. आणि तो उतारा कधी सुरुवातीला, कधी मध्ये, कधी शेवटी ठेवायचा. उत्तर टोकांना असताना मॉडेलं चांगली चालली आणि मध्ये असताना घसरली. वीस आणि तीस उताऱ्यांच्या परीक्षेत जीपीटी-3.5 टर्बो काही ठिकाणी इतकं घसरलं, की एकही उतारा न देता विचारलं असतं, तर ते अधिक बरोबर ठरलं असतं. नंतरच्या मॉडेलांत हा दोष कमी झाला आहे, पण गेलेला नाही. एका कारणाचा अंदाज रचनेवरूनच येतो. एका टोकनाकडे वाटायला जे लक्ष असतं, त्याची बेरीज ठरलेली असते. वाटेकरी वाढले की एकेकाच्या वाट्याला कमी येतं आणि शेजारी मिळतीजुळती वाक्यं शेकड्याने असली, तर नेमकं हवं ते वाक्य उठून दिसत नाही.

तेव्हा नियम गळण्याच्या दोन वाटा आहेत: एक, तो फाइलीतून गेला, दोन, तो फाइलीत आहे पण गर्दीत दबला. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे फरक ओळखता आला पाहिजे. ‘मी सुरुवातीला काय सांगितलं होतं?’ असं विचारणं पुरेसं नाही, कारण चाललेलं काम पाहून मॉडेल पटेल असं उत्तर रचू शकतं. त्यापेक्षा पहिल्या संदेशातच अंदाजाने सांगता येणार नाही अशी खूण ठेवावी, उदाहरणार्थ ‘या कामाचं नाव निळी सुपारी’. पुढे शंका आली की कामाचं नाव विचारावं. बरोबर आलं, तर नियम बहुधा फाइलीत आहेत. ते ताज्या संदेशात पुन्हा लिहिले की काम भागतं. नाव आलं नाही, तर ते गेले असं धरून नवं संभाषण उघडावं आणि नियमांसोबत पहिल्या परिच्छेदाची बरोबर झालेली दुरुस्ती नमुना म्हणून द्यावी. जिथे कायमच्या सूचनांसाठी वेगळी जागा असते, तिथेच नियम लिहिणं सर्वांत चांगलं, कारण तो मजकूर सॉफ्टवेअर सहसा दर फेरीला वर जोडतं.

जुनं संभाषण टाकून देण्याऐवजी त्याचा सारांश करून ठेवण्याची पद्धत आता रूढ होते आहे. ती बरी आहे, पण सारांशात आशय टिकतो आणि बारकावे गळतात. ‘संवाद मालवणीत आहेत, त्यांना हात लावू नका’ याचं ‘कोकणातल्या आठवणींचं शुद्धलेखन सुधारणे’ झालं की वाक्य खोटं नसतं, पण नियम संपलेला असतो. सॉफ्टवेअरमधल्या वापरणाऱ्याची आठवण ठेवण्याच्या सोयीही शेवटी बाजूला लिहून ठेवलेली टिपणंच असतात. त्यातली काही निवडून त्याच विंडोत, त्याच मर्यादेत जोडली जातात.

ही सगळी काळजी वापरणाऱ्यावर टाकणं मला मान्य नाही. कोणत्या फेरीला कोणता संदेश काढला किंवा आटवला, हे सॉफ्टवेअरला टोकनागणिक ठाऊक असतं. विंडो किती भरली याचा आकडा आणि ‘तुमचा पहिला संदेश आता मॉडेलपुढे नाही’ एवढी एक ओळ पडद्यावर दाखवायला कोणतंही नवं संशोधन लागत नाही. ती ओळ प्रत्येक सॉफ्टवेअरने दाखवली पाहिजे आणि आपण वापरणाऱ्यांनी ती मागितली पाहिजे.