थकलेल्या बिलाचा निरोप

थकलेल्या बिलाच्या व्हॉट्सअ‍ॅप निरोपात बिल क्रमांक, रक्कम आणि मुदतीची तारीख आधी यावी. एखाद्या छापखान्याचा मूळ मजकूर असा: “साहेब, किती वेळा सांगायचं? कागदवाल्याचं देणं आहे, आज काहीही करून पैसे टाका.” यात अडचण कळते, पण कोणते बिल ते कळत नाही, वाचणाऱ्याला ते शोधावे लागते आणि उत्तर तिथेच लांबते. सुधारलेला मजकूर: “नमस्कार साहेब. बिल क्र. ११२, रक्कम ₹८,५००, मुदत ५ जून. बिल सोबत जोडले आहे. रक्कम कधीपर्यंत जमा होईल, कृपया कळवावे. पाठवली असल्यास व्यवहार क्रमांक द्यावा.” शेवटचे वाक्य मुळीच गाळू नये, कारण कधी पैसे आलेले असतात, नोंदच राहिलेली असते. निरोप ग्रुपवर टाकू नये. थेट आणि कामाच्या वेळेत पाठवावा.