रांजणाचा एक गुण

घोडेगावचे सर जुन्नरला आले होते. बाईंच्या नववीच्या वर्गात मुलं एकमेकांची इतिहासाची उत्तरं तपासतात. त्यातली एक वही दोघांमध्ये उघडी होती.

सर : या उत्तराला एका मुलीने तीनपैकी तीन गुण देऊन 'खूप छान' लिहिलंय. दुसऱ्याने एकच दिलाय, शेरा 'थापा'. यात खरं कोण बोललं?

बाई : उत्तर तर वाचा.

सर : 'नाणेघाटाने कल्याण, सोपारा ही बंदरं जुन्नरशी जोडली. घाटातल्या दगडी रांजणात व्यापारी जकात टाकत, असं तिथल्या शिलालेखात कोरलेलं आहे.'

बाई : पहिलं वाक्य बरोबर आहे. रांजणही खरा, आजही दिसतो. जकातीची गोष्ट आपल्याकडे सगळेच सांगतात. पण घाटातल्या लेण्यातल्या ब्राह्मी लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, कार्षापणांची यादी आहे. तो सातवाहन राणी नागनिकेचा मानतात. रांजणातल्या जकातीचं त्यात काही नाही.

सर : मग 'थापा' लिहिणारा बरोबर?

बाई : थाप म्हणजे जाणूनबुजून खोटं. उत्तर लिहिणाऱ्या मुलाच्या मनात काय होतं ते वहीवरून कसं कळणार? म्हणून आमच्या तपासणीच्या यादीत पहिलं कलम आहे : शेरा उत्तरावर, लिहिणाऱ्यावर नाही. 'खूप छान' दुसऱ्या कलमात अडकतो : हाच शेरा दुसऱ्या कुठल्याही वहीवर चालत असेल, तर तो खोडायचा. तिसरं, प्रत्येक विधानाखाली रेघ मारून समासात 'कशावरून?' विचारायचं. शेवटी करता येईल अशी एकच दुरुस्ती सुचवायची.

सर : वहीवर नावाऐवजी क्रमांक घालता का?

बाई : घालते, पण पहिलीपासून एकत्र शिकलेली पोरं अक्षरावरून ओळखतात. मैत्री गुणांत उतरतेच, आणि रागही. म्हणून दोघे तपासतात. एकापेक्षा जास्त गुणांचा फरक पडला की वही माझ्याकडे.

सर : मला मुलीचं कोडं सुटत नाही. तिने शिलालेख वाचलेला नाही. चूक तिला दिसणार कशी?

बाई : दिसणार नाही, हे साहजिकच. तिच्याकडून मला चूक पकडलेली नको होती, समासात प्रश्नचिन्ह हवं होतं. लेखाचा अर्थ मी वर्गात आणला असता.

सर : पण उत्तर लिहिणाऱ्याने ही गोष्ट आजोबांकडून ऐकली असेल. गुण कापला की आजोबा खोटे ठरतात.

बाई : तिथे मीही थांबले. मग दोन्ही तपासणाऱ्यांना यादी घेऊन पुन्हा बसवलं. मुलीने लिहिलं, 'रांजणाचं कुणाकडून ऐकलंस?' उत्तर लिहिणाऱ्याने 'शिलालेखात कोरलेलं आहे' खोडून 'असं आमच्याकडे सांगतात' केलं.

सर : किती गुण दिलेत?

बाई : पहिल्या उत्तराला दोन, दुरुस्तीनंतर तीन. 'थापा' लिहिणारा अजून म्हणतो, दोनच द्यायला हवे होते. त्याच्याकडे कारण आहे. उद्या ते त्याला सगळ्यांपुढे मांडू देणार आहे.