चाराच्या काड्या

गेल्या महिन्यात मुलांसाठी लिहिणाऱ्यांच्या एका छोट्या बैठकीत एका शिक्षिकेने स्वतः लिहिलेली गोष्ट वाचून दाखवली. वाचन संपलं, टाळ्या झाल्या आणि माझ्या शेजारी बसलेले गणिताचे निवृत्त सर म्हणाले, “गोष्ट गोड आहे हो, पण यात गणित कुठे आहे?” थोडं थांबून त्यांनी सल्लाही दिला, “आणि तो शेवटचा परिच्छेद काढून टाका. मुलांना चुकीचं शिकवाल.” त्या दोन वाक्यांनी माझं डोकं अजून शांत झालेलं नाही. सर मुरलेले शिक्षक आहेत, त्यामुळे त्यांचा आक्षेप झटकून टाकता येत नाही आणि पटतही नाही.

गोष्ट आधी सांगतो. वीज गेलेली आहे. आजी ओट्याजवळच्या डब्यातून जळक्या काड्या काढते. एका शेगडीवरून दुसरी पेटवायला उपयोगी पडतात म्हणून जपून ठेवलेल्या या काड्या. जमिनीवर ती आकडे मांडते, लिफ्टमध्ये किंवा कॅल्क्युलेटरवर दिसतात तसे, सरळ रेघांचे. नातवासमोर येतं 6 + 4 = 4. “चुकलंय, आजी,” तो लगेच म्हणतो. “चुकलंय ना? मग एकच काडी हलवून बरोबर कर.”

नातू सहातली एक काडी उचलतो. सहाचे पाच होतात आणि काडी त्याच्या हातात राहते. ती ठेवायची कुठे? चाराला लावावी तर चाराचं काहीच होत नाही. आजी म्हणते, “उचललेली काडी परत बसली पाहिजे. आधी मोज, किती आहेत?” सहाच्या सहा, अधिकच्या दोन, चाराच्या चार, बरोबरच्या दोन, पुन्हा चार. अठरा. “शेवटीही अठराच हव्यात.” मग नातू सहाची मधली आडवी काडी उचलतो, वर उजवीकडच्या रिकाम्या जागी उभी करतो, आणि सहाचा शून्य होतो. 0 + 4 = 4. तो नाचायला लागतो. आजी ती काडी पुन्हा जागेवर ठेवते आणि म्हणते, “अजून एक उत्तर आहे.” बऱ्याच वेळाने ते सापडतं. अधिकच्या खुणेतली उभी काडी काढली की वजा उरतो, आणि तीच काडी सहाच्या मोकळ्या जागी बसली की आठ होतात. 8 − 4 = 4.

इथवर सर्वांना गोष्ट आवडली, सरांनाही. वाद आहे तो पुढच्या भागाचा. आजी दुसरं कोडं मांडते, 4 + 4 = 4, आणि आत कुकर लावायला जाते. नातू एकेक चार तपासतो. एकही हलत नाही. मग तो अधिकची उभी काडी काढून बरोबरच्या खुणेवर तिरकी टाकतो: 4 − 4 ≠ 4. आजी बाहेर येऊन बघते आणि म्हणते, “खोटं नाही, पण हे औषध कुठल्याही दुखण्याला चालतं. मला याचंच औषध हवंय.” शेवटी नातू तीच उभी काडी उचलतो, आडवी करतो आणि उरलेल्या आडव्या काडीच्या खाली ठेवतो. अधिकच्या जागी बरोबरची खूण तयार होते. 4 = 4 = 4. गोष्ट संपते.

“हे समीकरण आहे का?” सरांनी विचारलं. “काही काढलं नाही, काही मांडलं नाही. चार म्हणजे चार म्हणजे चार. यात मुलाला काय कळलं?”

बैठकीतून निघताना माझ्याकडे उत्तर तयार होतं. आकडेमोड आणि मांडणी या दोन गोष्टी मी नेहमी वेगळ्या धरतो. आकडेमोड म्हणजे दिलेल्या खुणांवर दिलेल्या नियमांनी काम करणं, आणि मांडणी म्हणजे खुणा कशा बनल्या आहेत आणि त्यांच्यातून आणखी काय काय बनू शकतं हे बघणं. सर पहिलीलाच गणित म्हणतात. पण या कोड्यांतही पक्कं, तपासता येणारं गणित आहे. काड्यांची एकूण संख्या बदलत नाही, हा पहिला नियम. कुठला आकडा कशात बदलू शकतो, याची पूर्ण यादी करता येते. शून्य, सहा आणि नऊ प्रत्येकी सहा काड्यांचे, त्यामुळे आतल्या आत एक काडी सरकवून कुठल्याचाही कुठलाही होतो. दोन, तीन आणि पाच प्रत्येकी पाच काड्यांचे, पण तीनच दोघांचा शेजारी आहे. दोनाचे थेट पाच करायला दोन काड्या हलवाव्या लागतात. बाहेरून एक काडी मिळाली तर एकाचे सात, तिनाचे नऊ, पाचाचे सहा किंवा नऊ, आणि शून्य, सहा, नऊ यांचे आठ होतात. सातातली एक काडी काढली तर एक उरतो, बाकी त्याचं काही होत नाही.

आणि चार? चार काड्यांचा तो एकटाच आकडा. एक काढली तरी आकडा बनत नाही, एक घातली तरी बनत नाही, आतल्या आत सरकवली तरी नाही. सबंध यादीत असा अचल दुसरा नाही. 6 + 4 = 4 मध्ये नातवाने दोन्ही चार सोडून सहाकडे वळावं, याचं कारण यादीत आहे. ज्याला ही यादी येते तो नुसती नजर भिरभिरवत नाही, एकेक शक्यता पुसत जातो. सरांना हवं ते गणित याहून वेगळं काय असतं?

हे सगळं मी त्यांना सांगायला निघालो होतो. पण घरी कागदावर यादी पुरी करून शेवटच्या कोड्यावर लावली आणि तिथे ती थांबली. माझी यादी आकड्यांची आहे. तिच्याप्रमाणे 4 + 4 = 4 याला उत्तरच नाही. यादी जितकी चोख, तितकं ते “नाही” ठाम. नातवाला जे सापडलं ते माझ्या यादीच्या बाहेर होतं, कारण त्याने आकडे सोडून खुणेकडे पाहिलं. सरांविरुद्ध उभा केलेला माझा पुरावा शेवटच्या परिच्छेदापुरता सरांच्याच बाजूला जाऊन बसला होता.

याच ठिकाणी लोक का अडकतात हे मानसशास्त्रज्ञांनी तपासून पाहिलेलं आहे. १९९९ साली ग्युंटर क्नोब्लिख, स्टेलान ओल्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रोमन आकड्यांतली काड्यांची कोडी लोकांसमोर ठेवली. VI = VII + I यासारखी कोडी बहुतेकांना लवकर सुटली. एका बाजूची काडी दुसऱ्या बाजूला नेली की VII = VI + I. पण III = III + III इथे पुष्कळजण बराच वेळ खिळून बसले. उत्तर आपल्या नातवाचंच: III = III = III. संशोधकांचं म्हणणं असं की, समीकरण पाहिलं की बदलायचे ते आकडे आणि कायम राहायच्या त्या खुणा, असा नियम आपण न सांगता स्वतःवर लादून घेतो. हा नियम शाळेच्या सवयीतून येतो, काड्यांतून येत नाही. २००५ साली इटलीतल्या संशोधकांनी याच जातीची कोडी मेंदूच्या पुढच्या बाहेरच्या भागाला इजा झालेल्या रुग्णांना दिली. त्यांच्यातल्या ८२ टक्के जणांनी हे सर्वांत अवघड कोडं सोडवलं, तर निरोगी माणसांतल्या ४३ टक्क्यांनी. माझी यादी हाही असाच एक नियम होता, आणि तो मी मोठ्या कौतुकाने लिहून काढला होता.

इथे जरा आडवाटेने जातो. बरोबरची खूण आपण आकड्यांइतकीच सनातन समजतो, पण ती १५५७ सालची आहे. वेल्समध्ये जन्मलेला वैद्य आणि गणिती रॉबर्ट रेकॉर्ड याने ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ या पुस्तकात ती पहिल्यांदा छापली. “इतक्याला बरोबर आहे” हे शब्द परत परत लिहायचा त्याला कंटाळा आला होता. त्यांच्या जागी त्याने एकाच लांबीच्या दोन समांतर रेघा घेतल्या, कारण अशा दोन रेघांहून अधिक सारख्या दोन गोष्टी असू शकत नाहीत, असं त्याचं म्हणणं होतं. ही खूण जन्मालाच काड्यांची आहे. सारख्या लांबीच्या दोन काड्या शेजारी ठेवल्या की रेकॉर्डची पूर्ण कल्पना डोळ्यांपुढे येते, आणि आजीच्या डब्यातल्या काड्या लांबीने सारख्याच असतात.

शाळेत या खुणेचं काय होतं हे सरांना माझ्याहून चांगलं ठाऊक आहे. 8 + 4 = ▢ + 5 असं लिहून चौकटीत काय येईल हे विचारा. पुष्कळ मुलं बारा लिहितात. त्यांच्या दृष्टीने बरोबरची खूण म्हणजे “आता उत्तर लिहा” अशी आज्ञा आहे. डावीकडे काम, उजवीकडे निकाल. दोन्ही बाजू सारख्या आहेत हे रेकॉर्डचं म्हणणं तिथे पोचलेलंच नसतं. अशा मुलाला 4 = 4 = 4 हे सरांसारखंच पोकळ वाटेल. काम नाही आणि निकालही नाही, मग हे कसलं गणित?

म्हणून “यात मुलाला काय कळलं?” या प्रश्नाला माझं आजचं उत्तर त्या दिवशीच्या उत्तरापेक्षा वेगळं आहे. आजी आकडेमोड शिकवत नव्हती हे सरांचं म्हणणं मला मान्य आहे. माझ्या यादीतली मांडणीही ती शिकवत नव्हती. पहिल्या कोड्याची दोन उत्तरं समोर ठेवून पाहा. एकात सहाचा शून्य झाला, दुसऱ्यात सहाचे आठ झाले आणि अधिकचा वजा. मग मूळ वाक्यात चूक कशाची होती? सहाची म्हणावी तर सहा उत्तम सहा होता, आणि अधिकची म्हणावी तर पहिल्या उत्तरात तो तसाच राहून चालला. चूक एकाही काडीत नव्हती. सगळ्या मिळून जे म्हणत होत्या ते खोटं होतं, आणि ते खरं करायच्या वाटा एकाहून जास्त होत्या. वहीत लाल शाईने एका आकड्याभोवती गोल काढला जातो तेव्हा चूक त्या गोलात असते असं मूल शिकतं. या गोष्टीत असा गोल काढताच येत नाही.

सरांचा दुसरा मुद्दा असा की, खुणांना हात लावायची मुभा दिली तर काहीही चालेल. तो मला बराच काळ टोचत होता. पण त्याचं उत्तर आजी आधीच देऊन बसली आहे. ≠ हे उत्तर तिने खोटं ठरवलं नाही, फक्त पुरेसं मानलं नाही. तिरकी काडी 6 + 4 = 4 लाही चालली असती, 5 + 4 ≠ 4 किंवा 6 − 4 ≠ 4 होऊन. समोर कुठले आकडे आहेत याची तिला पर्वा नसते. 4 = 4 = 4 चं तसं नाही. हीच युक्ती पहिल्या कोड्यावर लावली तर 6 = 4 = 4 असं खोटं विधान हाती येतं. तिन्ही आकडे सारखे असतील तिथेच ती चालते, म्हणजे ती वापरण्यापूर्वी मुलाला ते सारखे आहेत हे दिसलेलं असावं लागतं. सर जी शिस्त मागतात ती याच तपासणीत आहे.

आणि शेवटचा परिच्छेद काढू नये याचं खरं कारण त्यात निवडलेल्या आकड्यात आहे. समजा आजीने 9 + 9 = 9 मांडलं असतं. 9 = 9 = 9 हे उत्तर तिथेही आहे. पण नातवाने तासाभरापूर्वी सहाचा शून्य केलेला आहे. तो नवातली मधली काडी खाली डावीकडे नेईल, 0 + 9 = 9 म्हणेल आणि उठून जाईल. बरोबरच्या खुणेपर्यंत पोचायची त्याला गरजच पडणार नाही. तीन किंवा पाच मांडले असते तर अडला असता, पण ते हलतात, तिनाचा पाच होतो, पाचाचा तीन, आणि त्यात तो फिरत राहिला असता. चार हा एकच आकडा असा आहे की जो पहिल्या दोन-तीन प्रयत्नांतच सांगून टाकतो की इथे काही नाही, दुसरीकडे बघ. लेखिकेने तो विचार करून निवडला की सहज, हे मी तिला विचारलेलं नाही. पण पुढच्या आवृत्तीत कुणी तिथे चाराऐवजी दुसरा आकडा सुचवला, तर तिने तो स्वीकारू नये असं मी तिला कळवणार आहे. सरांनाही याच कागदाची प्रत पाठवतो आहे.