चौफुलीतला आकडा

गेल्या कार्तिकात माझा एके काळचा विद्यार्थी घरी आला. दारव्हा रोडच्या एका गावात त्याची कपाशी आहे. त्याचा बावीस वर्षांचा मुलगा उन्हाळ्यात मोटारसायकलवरून पडला होता. सीटी स्कॅन स्वच्छ निघाला, पण डोकं दुखणं आणि विसरणं काही थांबेना. शेवटी मोठ्या शहरातल्या एका केंद्रात ‘मेंदूच्या तारांचा स्पेशल एमआरआय’ झाला. अहवालाच्या शेवटच्या पानावर निळ्या, लाल, हिरव्या धाग्यांचं देखणं चित्र होतं आणि खाली ओळ होती : डाव्या बाजूच्या एका जुडीची एफए ०.४१, नॉर्मल ०.५२, श्वेतद्रव्याच्या अखंडतेत २१ टक्के घट. वकिलानं तो कागद अपघात दाव्याला जोडायला घेतला होता.

“सर, म्हन्जे पोराचा एकवीस टक्के मेंदू गेला का जी?”

मी आयुष्यभर फिजिक्स शिकवलं, मी डॉक्टर नाही. पण त्या ओळीत वैद्यकाआधी फिजिक्सच चुकलं आहे, एवढं मला पहिल्याच वाचनात दिसलं. त्यातल्या दोन आकड्यांविषयी माझी तक्रार नंतरची आहे. पहिली तक्रार ‘अखंडता’ या शब्दाविषयी आहे.

एफए म्हणजे फ्रॅक्शनल अनायसोट्रॉपी. तिचा पूर्वेतिहास झरझर सांगता येतो. पाण्याचे रेणू सतत इकडेतिकडे भटकतात, हे आइन्स्टाइनच्या १९०५ च्या निबंधापासून गणितात बसलेलं आहे. १९६५ मध्ये स्टेयस्कल आणि टॅनर यांनी ते भटकणं चुंबकीय अनुनादातून मोजण्याची पद्धत दिली आणि ऐंशीच्या दशकात ल बिहान यांनी ती माणसाच्या मेंदूवर आणली. १९९० मध्ये मोझली आणि सहकाऱ्यांनी मांजरांच्या मेंदूत दाखवलं की श्वेतद्रव्यातलं पाणी तंतूंच्या दिशेनं जास्त आणि आडवं कमी सरकतं. १९९४ मध्ये बॅसर, मॅटिएलो आणि ल बिहान यांनी या सरकण्याला टेन्सरच्या चौकटीत बसवलं. म्हणजे मेंदूच्या दोनेक मिलिमीटरच्या प्रत्येक ठोकळ्यात एकमेकींना काटकोनात असलेल्या तीन दिशा आणि त्या प्रत्येक दिशेतलं पाण्याचं सरकणं. १९९६ मध्ये बॅसर आणि पिएरपाओली यांनी या तीन आकड्यांचा एक आकडा केला, तीच एफए. तिन्ही सरकणी सारखी असतील तर ० आणि सगळं सरकणं एकाच दिशेला असेल तर १. हे गुणोत्तर आहे. तिन्ही आकडे दुप्पट केले तरी एफए हलत नाही. म्हणजे पाणी एकूण किती सरकलं, हेही तिला ठाऊक नसतं. एका दिशेचं पारडं दुसऱ्या दिशांहून किती जड, एवढंच ती सांगते.

पुढची गोष्ट बहुतेक जण अशी सांगतात : एफए हे पहिलं, ओबडधोबड माप होतं. मग कळलं की मेंदूत तंतू एकमेकांना छेदतात आणि तिथं टेन्सर फसतो, म्हणून आता नवी, सूक्ष्म मापं आली आहेत. जुनं गेलं, नवं आलं. मला ही गोष्ट पटत नाही. मापात दोष नव्हता. दोष प्रश्न बदलण्यात होता, आणि तो छेदणाऱ्या तंतूंची चर्चा रंगण्याआधीच झाला. ‘पाणी कोणत्या दिशेला जास्त सरकतं’ या प्रश्नाचं उत्तर लोक ‘तंतू किती धडधाकट आहेत’ याचं उत्तर म्हणून वाचू लागले. १९९६ च्या निबंधाच्या शीर्षकातही ऊतींच्या सूक्ष्मरचनेचा उल्लेख आहे, त्यामुळे जनकांना अगदी कोरं सोडता येणार नाही. पण रचना म्हणजे तब्येत नव्हे.

तो बदल पचला, कारण त्याच्यामागे एक सोयीची समजूत होती : तंतूंभोवती मायलिनचं चरबीचं वेष्टण असतं, ते पाण्याला आडवं जाऊ देत नाही, म्हणून एफए चढते. मग एफए उतरली म्हणजे वेष्टण झिजलं. गंमत अशी की ही समजूत १९९४ मध्येच तपासली गेली होती. कॅनडात ब्यूलिउ आणि ॲलन यांनी गार नावाच्या लांबट माशाच्या तीन नसा घेतल्या. दोन मायलिन असलेल्या, तर तिसरी, वासाची, मायलिन नसलेली. तिसरीतही पाणी लांबीच्या दिशेनं जास्त आणि आडवं कमी सरकत होतं. नुसती तंतूंची आवरणं दाटीनं समांतर असली तरी दिशेचं पारडं जड होतं. मायलिन त्यात भर घालतं, पण त्याच्यावाचून काही अडत नाही. तेव्हा नुसती एफए पाहून मायलिनविषयी बोलणं म्हणजे बैलगाडीचा वेग पाहून बैलाचं वय सांगण्यासारखं आहे.

माझ्या विद्यार्थ्याला मासा सांगून उपयोग नव्हता. त्याला मी चौफुली विचारली. आपल्याकडं कपाशी दोन प्रकारांनी लावतात. सरळ तासांत लावली तर डवरा एकाच अंगानं चालतो. चौफुलीवर लावली तर उभा आणि आडवा, दोन्ही अंगांनी चालतो. डवऱ्याला पाण्याचा रेणू समज, असं मी म्हणालो. आता शेत न पाहता, फक्त डवरा कुठल्या दिशेला किती गेला यावरून मी आकडा काढला, तर सरळ तासांच्या शेताचा आकडा मोठा येईल आणि चौफुलीचा लहान. म्हणून चौफुलीचं पीक खराब का?

“नाही जी. चौफुलीत निंदण कमी लागते उलट.”

मग कागदावर गणित केलं. एकाच दिशेच्या निरोगी जुडीत पाण्याचं सरकणं लांबीच्या दिशेनं १.७ आणि आडव्या दोन्ही दिशांनी ०.३ धरू. एकक मिलिमीटर वर्ग दर सेकंदाला, हजारांश. एफए येते ०.८०. आता तितक्याच निरोगी दोन जुड्या एकाच ठोकळ्यात काटकोनात निम्म्या-निम्म्या ठेवू. सरासरीनं दोन दिशांना १.० आणि तिसरीला ०.३. एफए ०.४८. एकही तंतू दुखावला नाही, तरी आकडा चाळीस टक्के उतरला. यापुढची पायरी खरी मजेची. या चौफुलीतल्या एका जुडीचे निम्मे तंतू मेले. आता उरलेल्यांचं प्रमाण दोनास एक. दिशांचे आकडे होतात सुमारे १.२३, ०.७७ आणि ०.३. एफए येते ०.५५. तंतू मेले आणि ‘अखंडता’ वाढली! मेलेल्यांच्या जागी काय भरतं, हे मी या हिशोबात धरलेलं नाही. पण दिशा कळायला एवढं पुरे. चौफुलीतला आडवा तास गवतानं बुजला की डवरा एकाच अंगानं चालतो, आणि डवऱ्यावरून आकडा काढणारा म्हणतो, शेत सुधारलं.

हे कागदी खेळ नाहीत. पिएरपाओली यांनीच २००१ मध्ये जुन्या पक्षाघाताच्या रुग्णांत मेंदूतून खाली उतरणारी हालचालीची जुडी पाहिली. वर इजा झाली की ही जुडी खालपर्यंत सुकत जाते. जिथं तिचे तंतू समांतर आहेत तिथं एफए चांगलीच उतरली होती. पण पॉन्सच्या वरच्या भागात हेच तंतू आडव्या तंतूंत मिसळतात, तिथं ती जेमतेम उतरली. जुडी तीच, जखम तीच, आकडे दोन. दहा वर्षांनी ऑक्सफर्डच्या ग्वेनाएल दूओ आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या उंबरठ्यावरच्या लोकांत मेंदूच्या चौफुलीवर एफए वाढलेली दाखवली. कारण आडव्या जोडतंतूंच्या मानाने हालचालीचे तंतू टिकून होते. यातला एक लेखक स्टीफन स्मिथ. २००६ मध्ये त्याच्याच गटानं शेकडो मेंदूंची एफए एका सांगाड्यावर आणून तुलना करायची सोपी पद्धत दिली होती. त्या सोपेपणानं रुग्णांवरच्या एफए-अभ्यासांचा पूर आला. ज्यांनी बंधारा फोडला त्यांनीच पुढं पाण्याची खोली मोजली, याचं मला कौतुक वाटतं. २०१३ मध्ये जोन्स, क्नॉशे आणि टर्नर यांनी ‘श्वेतद्रव्याची अखंडता’ हा शब्दप्रयोगच भ्रामक ठरवणारा लेख लिहिला. त्याच वर्षी य्युरिसन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की श्वेतद्रव्याच्या बहुसंख्य ठोकळ्यांत एकाहून अधिक दिशांचे तंतू असतात. चौफुली हा अपवाद नाही, बहुतेक शेत चौफुलीच आहे.

नवी मापं या रोगावर औषध नाहीत, असं मी म्हणतो ते यासाठी. ‘तंतूंची घनता’ असं नाव दिलेला आकडाही शेवटी पाण्याच्या सरकण्यावरून, काही गृहीतं धरून काढलेला असतो. त्यालाही कुणी अहवालात टक्के लावले की आपण पुन्हा त्याच ओळीवर येतो.

तर मग एफए निरुपयोगी का? मुळीच नाही. तुलना गटांची असेल तर ती बरंच सांगते. स्किझोफ्रेनियाच्या २०१८ च्या मोठ्या एकत्रित अभ्यासात १,९६३ रुग्ण आणि २,३५९ निरोगी माणसं होती. रुग्णांची सरासरी एफए खरोखर कमी निघाली. फरक प्रमाण विचलनाच्या ०.४२ पट. हे खरं आहे आणि महत्त्वाचं आहे. पण त्याचा अर्थ उलगडला तर असा : एक रुग्ण आणि एक निरोगी माणूस चिठ्ठी टाकून निवडा. रुग्णाची एफए कमी निघण्याची शक्यता शंभरात बासष्ट. उरलेल्या अडतीस वेळा निरोगी माणसाचीच कमी. यावरून कुणा एकाच्या कपाळावर शिक्का मारता येत नाही. मुलाच्या दुखण्याला जवळचं म्हणजे डोक्याला सौम्य मार. तिथं तर काही अभ्यासांत एफए उतरलेली, काहींत चढलेली आढळते. अमेरिकी रेडिओलॉजी तज्ज्ञांनी २०१५ मध्ये स्पष्ट लिहिलं की एकट्या रुग्णाच्या नेहमीच्या तपासणीत हे तंत्र वापरायला पुरेसा पुरावा नाही.

आता त्या कागदाकडं परत. ०.४१ ज्या जागेचा होता ती डाव्या बाजूची, पुढून मागं जाणारी जोडजुडी. ती वरखाली जाणाऱ्या तंतूंना छेदते, म्हणजे चौफुलीच. ठोकळा दोन मिलिमीटर इकडं की तिकडं ठेवला, एवढ्यानंही आकडा बदलेल. मुलाचं डोकं दुखत होतं, तो मशीनमध्ये हलला असणार. हललेल्या डोक्यानं खोटे फरक उमटतात हे दाखवून झालं आहे. अहवालात हालचालीचा उल्लेख नव्हता. आणि ०.५२ हे ‘नॉर्मल’ कुणाचं? मी केंद्राला फोन लावला. त्याच मशीनवर, त्याच पद्धतीनं, वीस-बावीस वर्षांच्या किती निरोगी मुलांचं मोजलं, असं विचारलं. उत्तर मिळालं, तो आकडा सॉफ्टवेअरमध्येच येतो. दोन निरोगी माणसांत याच जागी किती फरक असतो, हे ठाऊक नसेल तर ०.११ चा फरक मोठा की लहान, कसं ठरवणार? ते २१ टक्के म्हणजे एका अनोळखी आकड्यानं दुसऱ्या आकड्याला भागून आलेला भागाकार.

मुलाला काही झालंच नाही, असं मी म्हणालो नाही. तसं म्हणणं ही त्याच चुकीची दुसरी बाजू झाली असती. तो विसरतो, हे घरच्यांना रोज दिसतं. त्यासाठी न्यूरॉलॉजिस्टची तपासणी आणि स्मरणाच्या, एकाग्रतेच्या रीतसर चाचण्या आहेत. त्यांच्यात त्याच्या वयाच्या, शिक्षणाच्या मुलांशी तुलना करायची सोय असते आणि चार महिन्यांनी पुन्हा घेऊन सुधारणा मोजता येते. त्या त्यानं नंतर नागपूरला करून घेतल्या. लक्ष ठेवण्यात अडचण निघाली, स्मरण बऱ्यापैकी होतं.

वकिलाचा मात्र मला फोन आला. चाचण्यांचे कागद ठीक आहेत, पण रंगीत चित्र काढू नका म्हणावं, कोर्टाला चित्र समजतं. मी म्हटलं, चित्र राहू द्या, खालची ओळ खोडा. तो म्हणाला, “ओळीशिवाय चित्राला काय किंमत आहे, सर?”