ऋणनिर्देश आहे की हजेरीपट?

प्रबंध वाचला. प्रकरणं बरी आहेत. दुसऱ्यात पाल्हाळ आहे, त्याबद्दल नंतर बोलू. आज मला सुरुवातीच्या चार पानांबद्दलच बोलायचं आहे. ऋणनिर्देश आणि मनोगत तू छपाईच्या आदल्या रात्री लिहिलंस हे कळतंच आहे. सगळेच तसं करतात. पण सगळ्यांचे प्रबंध ग्रंथालयातल्या पुस्तकांवर असतात. तुझा ऊसतोड बायकांवर आहे.

त्या बायकांनी तुला काय काय सांगितलं ते आठव. पिशवी का काढली, कुठल्या दवाखान्यात काढली, तिथवर कुणी नेलं. पाळीत, अंग दुखत असताना एक दिवस फडावर गेलं नाही तर खाड्याचे पैसे कसे कापतात. मुकादम उचलीचा हिशेब कसा तोंडीच सांगतो. हे बोलण्याआधी तू संमतीपत्र वाचून दाखवलंस. "तुमचं नाव, तुमचं गाव कुठेही येणार नाही," असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. त्यावर अंगठे घेतलेस. मग प्रकरणांत गावाला टोपणनाव दिलंस, बायकांना क्रमांक दिलेस, आणि ऋणनिर्देशात खरं गाव, तालुका, आशाताईंचं नाव, शाळेचा वर्ग उघडून देणाऱ्या मुख्याध्यापकांचं नाव आणि वर मुकादमाचे 'विशेष आभार'! हे आभार झाले की हजेरीपट?

"पण मॅडम, उत्तरदात्यांपैकी कुणाचंच नाव घेतलेलं नाही," असं तू म्हणणार. बरं. तुझीच सतरा क्रमांकाची उत्तरदाती घेऊ. चौथ्या प्रकरणातल्या तक्त्यात तिचं वय ३८ आहे, तिला तीन मुली आहेत आणि नवऱ्याचा उजवा हात यंत्रात गेलेला आहे. जिल्ह्यात अशा किती असतील कुणास ठाऊक; नुसत्या तक्त्यावरून तिला कुणी शोधू शकणार नाही. आता ऋणनिर्देशातलं तुझं ते लाडकं वाक्य वाच: 'पोरीच्या लग्नाच्या धांदलीतही मला दोन दिवस घरी ठेवून घेणाऱ्या, तीन लेकींच्या माउलीस वंदन.' त्याच पानावर गावाचं नाव. मनोगतात क्षेत्रकार्याचा महिना आणि वर्ष. त्या महिन्यात त्या गावात लग्न कुणाच्या घरी होतं, हे गावातल्या कुठल्याही शेंबड्या पोराला विचार. सतरा क्रमांक सापडला. आणि सापडली ती एकटी सापडली नाही. पाचव्या प्रकरणात 'दवाखान्याचे पैसे मुकादमाने न विचारता उचलीत चढवले' हे तिचं म्हणणं अवतरणचिन्हांत आहे, खाली क्रमांकासकट.

हे शोधणार कोण? तुला वाटतं, पुण्या-मुंबईचा कुणी वाचक. त्या वाचकाला तिच्याशी देणंघेणं नाही. शोधणार तो मुकादम. आपल्या टोळीत कोयते किती, कुणाची पिशवी काढलेली, कुणाच्या नवऱ्याचा हात गेलेला, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याला अख्ख्या जिल्ह्यातून एक बाई शोधायची नाही. त्याच्या ओळखीच्या मोजक्या घरांतून 'हे कोण बोललं' एवढंच ओळखायचं आहे. परक्यापासून नाव लपवणं सोपं असतं. ओळखीच्या माणसापासून बोलणारीचं बोलणं लपवणं हेच खरं काम, आणि ते तू केलेलं नाहीस. पुढच्या हंगामाची उचल वाटताना त्याने तिच्या कोयत्याला नाही म्हटलं, किंवा जुनी फिटलेली नाही म्हणून एकरकमी मागितली, तर ते घर काय करणार? तू तर त्याचे विशेष आभार मानून त्याच्या हाती प्रबंधाची प्रत देणार होतीस.

प्रबंध कपाटात धूळ खात पडतात, हाही गोड गैरसमज काढून टाक. विद्यापीठ प्रत इन्फ्लिबनेटला देतं आणि 'शोधगंगा'वर ती सगळ्यांना खुली होते. तिथे ऋणनिर्देशाची बहुधा वेगळीच फाइल असते. तीनशे पानं उतरवून घ्यायचीही गरज नाही. बीडच्या बायकांच्या शस्त्रक्रियांवरून २०१९ मध्ये केवढा गदारोळ झाला, सरकारला चौकशी समिती नेमावी लागली, हे तूच पहिल्या प्रकरणात लिहिलं आहेस. अशा विषयात गाव आणि चेहरा शोधणारे पत्रकार असतात, दवाखानेवाले असतात, पुढारीही असतात.

टोपणनावांवर विसंबणाऱ्यांची फजिती नवी नाही. व्हिडिच आणि बेन्समन यांनी न्यूयॉर्क राज्यातल्या एका लहानशा गावाचा अभ्यास केला. १९५८ साली 'स्मॉल टाउन इन मास सोसायटी' हे पुस्तक आलं. गावाचं नाव बदललं होतं, माणसांची बदलली होती. पण कोण कुठल्या पदावर, कुणाचं कुणाशी वाकडं, हे जसंच्या तसं ठेवलं होतं. गावाने एकेकाला ओळखलं. चार जुलैच्या मिरवणुकीत लोक मुखवटे घालून, पुस्तकातली आपापली खोटी नावं लावून निघाले, आणि मागून शेणखत पसरायची गाडी, तिच्यातल्या खतावर ओणवा केलेला लेखकाचा पुतळा. त्या गावकऱ्यांना निदान मिरवणूक काढता आली. तुझा प्रबंध खुला होईल तेव्हा तुझ्या बायका ट्रकमध्ये बसून कारखान्याच्या वाटेवर असतील.

आद्याक्षरांची पळवाटही काढू नकोस. 'श्रीमती स. भा.' याला लपवणं म्हणत नाहीत. चाळीस घरांच्या वस्तीवर दोन अक्षरं पुरून उरतात आणि आडनावाचं अक्षर जातही सांगून जातं. अर्पणपत्रिकेतला पाठमोरा फोटोसुद्धा काढ. लुगडं, दंडावरचं गोंदण आणि मागची कोप ओळखायला चेहरा लागत नाही. आणि परिशिष्टात ग्रामपंचायतीचं परवानगीपत्र गोल शिक्क्यासकट डकवलंय, ते कुणी सांगितलं होतं? ते नैतिकता समितीच्या फाइलीत असतं. प्रबंधात 'लेखी परवानगी घेतली आहे' एवढं वाक्य पुरे.

आता तुझा दुसरा आक्षेप. असं सगळं गाळलं तर आभार कोरडे होतील, सरकारी परिपत्रकासारखे वाटतील. होतील, जर 'सर्व ज्ञात-अज्ञात उत्तरदात्यांचे मनःपूर्वक आभार' असलं काही खरडलंस तर. ओलावा नावात नसतो. त्या माणसांनी काय केलं ते नेमकं सांगण्यात असतो. फक्त तपशील निवडताना एकच गोष्ट बघायची: ज्या तपशिलाला एकच मालकीण आहे तो कापायचा, ज्याला पुष्कळ मालकिणी आहेत तो ठेवायचा. लग्नाची धांदल एकीची होती. पहाटे उठून भाकऱ्या थापणं सगळ्यांचं होतं. हात गेलेला नवरा एकीचा. दिवसभर मोळ्या डोक्यावरून वाहून आल्यावर, कंबर धरून बसत तुझ्याशी बोलणं सगळ्यांचं. मग असं लिही:

'या प्रबंधातलं प्रत्येक म्हणणं फडावरून दमून आलेल्या बाईचं आहे. चूल पेटायची होती, पाणी आणायचं होतं, लेकरं भुकेली होती. तरी तुम्ही मला बसायला पोतं अंथरलंत, काळा चहा दिलात आणि ज्या गोष्टी घरातही बोलत नाही त्या माझ्यापाशी बोललात. काहींनी मध्येच बोलणं थांबवलं. त्या गप्प बसण्यानेही मला शिकवलं. तुमची नावं इथे नाहीत, कारण तसा शब्द मी तुम्हाला दिला आहे. तुमच्यापर्यंत पोहोचायला ज्यांनी मदत केली त्यांचीही नावं त्याच कारणाने घेतलेली नाहीत. त्यांचे आभार मी समक्ष मानले आहेत.'

बघ, कोरडं आहे का? शेवटचं वाक्य मात्र खरं करून मग लिही. आशाताईंच्या आणि मुख्याध्यापकांच्या घरी जाऊन ये. त्यांना वाईट वाटेल अशी भीती असेल तर नाव का घेत नाही ते तोंडाने सांग. आशाताईंना ते तुझ्याआधी कळेल. आणि 'माझं नाव टाक की गं' म्हणणारी ती कार्यकर्ती? तिची इच्छा कारणाशिवाय मोडायचा तुला अधिकार नाही, पण आधी बघ की तिच्या नावावरून गाव उघडं पडतं का. ती त्याच एका गावात काम करत असेल तर तिला तसं सांग, नाव गाळ. जिल्ह्याभर काम असेल तर लेखी संमती घे आणि विषय समजावून दिल्याबद्दल नावानिशी आभार मान. तिची मुलाखत घेतली आहेस हे मात्र तिथे लिहू नकोस.

मनोगत एका पानाचं कर. तिथे दोनच गोष्टी हव्यात. तू हा विषय का घेतलास ते चार ओळींत. आजीच्या आठवणी नकोत. आणि ओळख लपवण्यासाठी काय केलंस ते सरळ शब्दांत: 'गाव, कारखाना आणि दवाखाने यांची नावं दिलेली नाहीत. वयं पाच-पाच वर्षांच्या गटांत दिली आहेत. ओळख पटेल असे काही कौटुंबिक तपशील गाळले आहेत. निष्कर्ष ज्यांवर उभे आहेत ते तपशील बदललेले नाहीत. क्षेत्रकार्य दोन गाळप हंगामांत झालं.' कुठला तपशील कुणाचा गाळला हे सांगायचं नाही. 'संपूर्ण गुप्तता राखली आहे' अशी शेखीही नको. जिल्हा शीर्षकातच आहे, तेव्हा ते खरं नाही. आणि हे लिहिल्यावर तक्ताही तसाच बदलायला हवा, नाहीतर मनोगतात गट आणि चौथ्या प्रकरणात ३८ असा तमाशा होईल. हात गेलेल्या नवऱ्याची ओळ तक्त्यातून काढ. तुझ्या एकाही निष्कर्षाला ती लागत नाही. पाचव्या प्रकरणात मुकादमाबद्दलच्या अवतरणांखालचे क्रमांकही काढ, 'एक उत्तरदाती' पुरे.

हे सगळं झालं की ऋणनिर्देश, मनोगत, तक्ता आणि परिशिष्टं एकदा शेजारी-शेजारी ठेवून मुकादमाच्या डोळ्यांनी वाच. चार कागद मिळून एक जरी बाई सापडली तर पुन्हा काप.

सोमवारी सकाळी अकराला नवी पानं घेऊन ये. ती बघितल्याशिवाय मी प्रमाणपत्रावर सही करणार नाही, आणि बांधणीवाल्याकडे दिलेल्या प्रती आजच्या आज परत आण.