खुणेचा अर्थ आधी सांगावा की मागाहून?

दीक्षाविधीतील कृतींचा अर्थ दीक्षार्थीस केव्हा सांगावा, याचे एक उत्तर चौथ्या शतकात यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीने दिले. ते विचारात घेण्याजोगे आहे. बाप्तिस्मा झाल्यानंतरच्या सप्ताहात तेथे नवदीक्षितांपुढे झालेली पाच प्रवचने आज उपलब्ध आहेत. ती बिशप सिरिल यांची समजली जातात. काही अभ्यासक त्यांच्यामागून आलेल्या बिशप योहानास त्यांचे कर्तृत्व देतात.

विधी असा होता. ईस्टरच्या रात्री दीक्षार्थी बाहेरच्या दालनात पश्चिमेकडे तोंड करून उभा राही आणि हात पुढे करून, सैतान समोरच आहे अशा भावनेने, त्याचा त्याग उच्चारी. मग तो पूर्वेकडे वळे. पश्चिम ही अंधाराची दिशा आणि पूर्व ही आदिउद्यानाची, हे त्यास नंतर कळे. पुढे वस्त्रे उतरवून, अंगास तेल लावून घेऊन तो कुंडात उतरे व तीन वेळा पाण्याखाली जाऊन वर येई.

प्रवचनकार या तीन बुडींचा अर्थ ख्रिस्ताचे कबरीतील तीन दिवस असा लावतो. तेच पाणी तुमची कबर झाले आणि तेच तुमची माता झाले, असे तो समजावतो. तुम्ही खरोखर मेला नाहीत, पुरलेही गेला नाहीत. मरणाचे केवळ अनुकरण झाले, परंतु लाभलेली मुक्ती खरी, हा त्याचा सिद्धांत. श्रोते त्या वेळी ख्रिस्ताच्या कबरीवर उभारलेल्या मंदिरातच बसलेले असत, हेही ध्यानी घ्यावे.

येथे शंका येते की, अर्थ न कळता केलेली प्रतिज्ञा प्रतिज्ञा कशी? तिचे निरसन त्या काळच्या यात्रेकरू एगेरिया हिच्या वृत्तांतात सापडते. नावे नोंदवण्यापूर्वी बिशप शेजाऱ्यांस विचारीत की, हा मातापित्यांचा मान राखतो काय, मद्यपी तर नाही? नंतर कित्येक आठवडे रोज धर्मग्रंथ व श्रद्धासूत्र शिकवले जाई, आणि धर्मपिता व धर्ममाताही ते ऐकत. म्हणजे काय स्वीकारायचे ते आधी ठाऊक असे. झाकलेला राही तो केवळ विधीतील खुणांचा अर्थ. पाहिलेले हे ऐकलेल्याहून अधिक पटते, असे प्रवचनकार त्याचे कारण देतो. आमच्या मते हा भेद योग्य आहे. बंधन घालणारे वचन आधी कळलेच पाहिजे. खुणेचा अर्थ मात्र अनुभवाच्या मागून आला तरी चालतो.

पुढे तान्ह्या मुलांचा बाप्तिस्मा रूढ झाला, तेव्हा ही व्यवस्था अडली. ऐकणारा पाळण्यात, आणि उत्तरे त्याच्या वतीने दुसऱ्याने द्यायची! १९६९ च्या कॅथलिक विधीने हे बदलले. तेथे मातापित्यांस व धर्मपालकांस प्रश्न विचारले जातात ते त्यांच्या स्वतःच्या त्यागाविषयी व श्रद्धेविषयी. प्रौढांसाठी १९७२ साली जुन्या पायऱ्या पुन्हा लावल्या गेल्या, त्यांत विधीनंतरच्या अर्थकथनाचा काळही आहे.