घर घ्यावं का? आधी पेन्शन बघा

पंचावन्नाव्या वर्षी घराचा विषय निघाला की चर्चा दोनच वाटांनी जाते. एक म्हणतो, म्हातारपणी हक्काचं छप्पर हवंच. दुसरा म्हणतो, भाडं वर्षाला लाख आणि घराच्या पैशावरचं व्याज अडीच लाख, मग पैसे विटांत का कोंडायचे? दोघंही घराची किंमत आणि भाडं यांवरच भांडतात. निवृत्तीनंतर येणारं उत्पन्न महागाईबरोबर वाढणार आहे का, हा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. माझ्या मते उत्तर तिथंच आहे. शिरूर आणि दौंड या शेजारच्या तालुक्यांतली दोन माणसं समोर ठेवली की ते दिसतं. माणसं कल्पनेतली आहेत, किमती आणि भाडी हिशेबापुरती धरलेली आहेत. बाकीचे नियम मात्र खरे.

पहिला माणूस दौंडचा. मनमाडची लाईन जिथं फुटते त्या जंक्शनवर नोकरी, सगळा संसार रेल्वे क्वार्टरमध्ये. मूळ पगार ६० हजार. क्वार्टर जवळजवळ फुकट आहे, असं तो समजतो. खरं म्हणजे क्वार्टर घेतल्यामुळं त्याला घरभाडं भत्ता मिळत नाही, आणि लहान गावांसाठी तो जानेवारी २०२४ पासून मूळ पगाराच्या १० टक्के आहे. म्हणजे महिन्याला ६ हजार भाडं तो भरतोच, फक्त ते पगाराच्या स्लिपवर दिसत नाही. साठाव्या वर्षी क्वार्टर सोडावं लागणार, म्हणून घाई सुरू झालीय.

पण हा माणूस २००४ च्या आधी लागलेला आहे, म्हणजे जुन्या पेन्शनचा. शेवटच्या मूळ पगाराच्या निम्मी, ३० हजार पेन्शन, आणि वर महागाई भत्ता, जो वर्षातून दोनदा वाढतो. दौंडमध्ये ९ हजारांचं घर भाड्यानं घेतलं आणि घरमालकानं दरवर्षी भाडं वाढवलं, तरी त्या वाढीचा बराचसा भार सरकार उचलतं. ग्रॅच्युइटीची रक्कम त्याला घरात घालायची सक्ती नाही. तो निवांत भाड्यानं राहू शकतो.

दुसरा माणूस शिरूरचा. रांजणगाव एमआयडीसीतल्या कंपनीत सुपरवायझर, ५८ ला निवृत्त होणार. पीएफ, ग्रॅच्युइटी, साठवण मिळून हातात ४५ लाख येतील. पीएफच्या जोडीला जी पेन्शन येते, ती वाढीव पेन्शनचा पर्याय न घेतलेल्यांना महिन्याला साडेसात हजारांच्या वर जात नाही. याची ७ हजार धरू. तिला महागाई भत्ता नाही. आज ७ हजार, वयाच्या ऐंशीव्या वर्षीही ७ हजार.

हा शिरूरमध्ये ९ हजार भाडं देतो. तसाच फ्लॅट घ्यायचा तर स्टॅम्प ड्युटी, नोंदणी, किरकोळ फर्निचर धरून ३५ लाख. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत सध्या ८.२ टक्के व्याज आहे आणि मर्यादा ३० लाखांची. निवृत्तीचे पैसे मिळाल्यावर तीन महिन्यांच्या आत भरले तर पंचावन्ननंतरही खातं उघडता येतं. ३० लाख तिथं आणि ५ लाख बँकेत ७ टक्क्यांनी ठेवले, तर वर्षाचं व्याज २ लाख ८१ हजार. भाडं १ लाख ८ हजार. भाडेकरू पावणेदोन लाखांनी पुढं. इथंच लोक वही मिटतात.

वही मिटू नये. व्याज वाढत नाही, भाडं वाढतं. वर्षाला साधारण ७ टक्के वाढ धरली, तर दहा वर्षांनी भाडं २ लाख १२ हजार होतं आणि सोळाव्या वर्षी ते त्या सगळ्या व्याजाला मागं टाकतं. माणूस तेव्हा चौऱ्याहत्तरीच्या घरात असतो. दरवर्षी उरणारं व्याज त्याच रकमेत परत टाकलं आणि त्यावर कर जाऊन ७ टक्के मिळत राहिले, तर मात्र ते ३५ लाख बत्तीस वर्षांचं भाडं भागवतात. म्हणजे नव्वदीपर्यंत. गणितानं भाड्याचा पर्याय मुळीच वाईट नाही.

वाईट आहे ती आपली सवय. उरलेलं व्याज परत टाकणारं घर मी क्वचित पाहिलंय. मुलाच्या वाघोलीतल्या फ्लॅटचं डाऊन पेमेंट येतं, भाचीचं लग्न येतं, आणि ‘तुमचे पैसे नुसते पडलेत ना?’ हा प्रश्न येतो. फ्लॅटची एक खोली कुणी उसनी मागत नाही. घराचा मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

तरीही शिरूरच्या माणसानं ३५ लाखांचा फ्लॅट घेऊ नये. घेतला तर हातात १० लाख उरतात. त्यांचं व्याज महिन्याला ६ हजार ८०० आणि पेन्शन ७ हजार. चौदा हजारांत दोघांचं खाणं, सोसायटीचा मेंटेनन्स आणि औषधं बसत नाहीत. अँजिओप्लास्टीची वेळ आली तर घर असूनही पैशांसाठी हात पसरावा लागेल. रिव्हर्स मॉर्टगेज कागदावर २००७ पासून आहे, पण लहान गावातल्या फ्लॅटवर ते सहज मिळेल यावर भिस्त ठेवू नये. कर्ज काढावं म्हटलं तर २० लाखांचा साडेआठ टक्क्यांनी पाच वर्षांत फेडायचा हप्ता ४१ हजारांवर जातो.

आता हाच हिशेब बायकोच्या बाजूनं करून बघा. नवरा-बायकोंत बहुधा तीच मागं राहते. दौंडच्या बाईला काही वर्षांनंतर मूळ पगाराच्या ३० टक्के, म्हणजे १८ हजार कुटुंबपेन्शन मिळेल, महागाई भत्ता वेगळा. तिचं भाडं भागेल. शिरूरच्या बाईला नवऱ्याच्या पेन्शनची निम्मी मिळेल, साडेतीन हजार. पंचाहत्तरीत, एकटी असताना, घरमालक म्हणाला ‘करार संपला, मुलाचं लग्न ठरलंय, खाली करा’, तर महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ तिच्या बाजूचा नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपल्यावर राहिलं तर दुप्पट रकमेची भरपाई द्यावी लागते. आणि एकट्या म्हातारीला नवीन घर द्यायला मालक का-कू करतात ते वेगळंच.

म्हणून शिरूरच्या माणसानं घर घ्यावं, पण हातातल्या रकमेच्या निम्म्याच्या आत. २० लाखांत वन-बीएचके, तळमजल्यावर किंवा लिफ्ट असलेला. लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट स्वस्त पडतो तो गुडघ्यांच्या किमतीवर. उरलेल्या २५ लाखांचं व्याज महिन्याला १७ हजार, पेन्शन धरून २४ हजार. नवऱ्यामागं बायकोला वीस हजार आणि भाडं शून्य. खरेदी तिच्या एकटीच्या नावे केली तर स्टॅम्प ड्युटीत एक टक्का सवलतही मिळते.

स्वस्तातल्या दीड-दोन गुंठ्यांच्या मोहात मात्र पडू नये. सामाईक सातबाऱ्यावर दहा जणांत आपलं नाव लागतं, स्वतंत्र उतारा अनेकदा निघत नाही, बँक सहसा कर्ज देत नाही आणि विकायची वेळ आली की गिऱ्हाईक मिळणं अवघड जातं. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना आठ हाही कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे. विकत घ्याल ते असं घ्या, की जे पंचाहत्तरीत दोन-तीन महिन्यांत विकता येईल.

दौंडच्या माणसानं साठीपर्यंत काहीच घेऊ नये. क्वार्टर सोडल्यावर ३६ किंवा ६० महिन्यांचा नोंदणीकृत करार करावा, दरवर्षीची वाढ त्यातच लिहून घ्यावी, आणि ग्रॅच्युइटी बायकोच्या आजारपणासाठी राखून ठेवावी.